मुलाच्या कानाचे फोटो: लाल दिसतो तो बिघडलाय की बुडबुडे दिसतात तो?

सुरंगी | ९ जुलै, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. फोंड्याहून लिहितेय. मुलगा साडेचार वर्षांचा. पाऊस लागल्यापासून नाक वाहतंच आहे, आणि काल रात्रीपासून उजवा कान ठणकतोय. ताप शंभराच्या थोडा वर. रात्री झोपला नाही, आम्हालाही झोपू दिलं नाही.

दिरांकडे मोबाइलला जोडायचा कानात बघायचा कॅमेरा आहे. त्यांनी दोन्ही कानांचे फोटो काढले, खाली जोडलेत. पहिला उजव्या कानाचा, म्हणजे दुखणाऱ्या. पडदा लालभडक, बाकी काही कळत नाही. दुसरा डाव्या कानाचा. तो पिवळट तपकिरी, आणि आत चक्क तीन-चार बुडबुडे! हा कान मात्र अजिबात दुखत नाही म्हणतो.

सकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी त्यांच्या दुर्बिणीतून पाहिलं आणि म्हणाले, उजव्या कानात इन्फेक्शन सुरू होतंय, डाव्यात नुसतं पाणी आहे. पॅरासिटामॉल द्या, दोन दिवसांनी दाखवा, ताप चढला तर लगेच या. अँटिबायोटिक दिलंच नाही. सासूबाई म्हणतात, डॉक्टर बदल.

माझा प्रश्न असा: फोटोत मला तरी बुडबुड्यांचा कान जास्त भयंकर दिसतो. मग त्याला औषध का नाही? आणि नुसता लाल आहे त्याला इन्फेक्शन कसं म्हणतात?

---

माटोळी | ९ जुलै, रात्री ११.५२

लसूण ठेचून खोबरेलात कढवा, कोमट झालं की दोन थेंब. आमच्या घरी चार पिढ्या हेच.

---

रुमडाचे_फूल | १० जुलै, सकाळी ६.१५

@माटोळी, चार पिढ्यांत ऐकू किती जणांना येतं ते पण सांगा. ;-)

---

दोतोर_न्हय | १० जुलै, सकाळी ७.३०

मी डॉक्टर नाही, नावातच आहे. पण मुलीच्या कानापायी बरंच वाचलंय म्हणून सांगतो. निरोगी पडद्यावर खालच्या बाजूला उजेडाचा एक चकचकीत त्रिकोण दिसतो. उजव्या कानात घड्याळाच्या पाचावर, डाव्या कानात सातावर. तुमच्या उजव्या फोटोत तो त्रिकोण नाहीच. त्रिकोण गेला म्हणजे आत पाणी किंवा पू, एवढं साधं आहे. लाल रंग आणि त्रिकोण गायब, म्हणजे इन्फेक्शन पक्कं. अँटिबायोटिक लगेच सुरू करायला हवं होतं असं माझं मत.

---

दर्यागाज | १० जुलै, सकाळी ९.०५

बरं झालं हा धागा निघाला. मी सांजावाला गावच्या बांयत उडी मारली तेव्हापासून डावा कान खाजतोय आणि बंद झाल्यासारखा वाटतो. मीपण मित्राच्या कॅमेऱ्याने फोटो काढला, आत ओल्या रद्दीसारखं काहीतरी पांढरं आणि त्यावर काळे ठिपके दिसतात. माझ्या पडद्याला भोक पडलंय का? सुरंगीताईंच्या डॉक्टरांचा पत्ता मिळेल का?

---

रुमडाचे_फूल | १० जुलै, सकाळी ९.२०

दर्यागाज, मूल साडेचार वर्षांचं आहे, तुम्ही किती?

---

कर्णफूल | १० जुलै, दुपारी २.१०

मी म्हापशात कान-नाक-घसा बघते. फोटो पाहून निदान करायला मला आवडत नाही आणि इथेही करणार नाही. पण सुरंगी, तुमचा प्रश्न चांगला आहे, आणि तुमचे डॉक्टर काय बघत होते ते फोटोंवरून समजावून सांगता येईल.

आधी रंग. रंगावर सगळ्यात कमी विसंबायचं. मूल रडलं की पडदा लाल होतो, ताप असला की लाल होतो, कॅमेऱ्याचं टोक नळीला घासलं तरी लाल होतो. शिवाय या स्वस्त कॅमेऱ्यांतला प्रकाश आणि रंग आपोआप बदलत असतात. त्याच कानाचे लागोपाठ तीन फोटो काढा, तिन्हींत लाली वेगळी दिसेल. नुसता लाल पडदा म्हणजे इन्फेक्शन नव्हे.

आम्ही बघतो तो फुगवटा. पडद्याच्या मधोमध वरून खाली येणारं एक पांढरट हाड दिसतं, हातोडीच्या दांड्याचं. निरोगी पडदा तिथे आत ओढलेला असतो, किंचित खोलगट. मागे पू साठून दाब वाढला की तो खोलगटपणा जातो, पडदा तव्यावरच्या पोळीसारखा बाहेर फुगतो आणि हाड दिसेनासं होतं. तुमच्या पहिल्या फोटोत हाडाचं वरचं टोक अजून अंधुक दिसतंय, पण त्याच्या मागची बाजू भरत आल्यासारखी वाटते. 'सुरू होतंय' हा डॉक्टरांचा शब्द मला त्याच्याशी जुळणारा वाटतो. अर्थात त्यांनी दुर्बिणीतून जे पाहिलं ते माझ्यासमोरच्या फोटोपेक्षा चांगलं होतं.

आता डावा. बुडबुडे म्हणजे पडद्याआड पाणीही आहे आणि हवाही. हवा तिथे पोचते ती नाकामागून येणाऱ्या नळीतून. म्हणजे ती नळी थोडीफार उघडतेय. दाबाखाली पू ठासून भरलेला असता तर बुडबुड्यांना जागाच उरली नसती. सर्दीनंतर मुलांच्या कानात असं पाणी राहतं, दुखत नाही, फक्त ऐकू थोडं कमी येतं. त्याला अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. म्हणून भयंकर दिसणाऱ्या कानाला औषध नाही आणि साध्या दिसणाऱ्यावर नजर.

@दोतोर_न्हय, त्रिकोणाचं तुम्ही म्हणता ते डोक्यावर दिवा लावून किंवा दुर्बिणीने बघताना ठीक. या कॅमेऱ्यांना टोकाभोवती बारीक दिव्यांचं कडं असतं, त्यामुळे चकाकी भलतीकडेच दिसते, कधी दोन-तीन ठिकाणी. आणि कॅमेरा हातात थोडा फिरला की पाचाचे आठ वाजतात. शिवाय पूर्ण निरोगी पडद्यावरही कधी त्रिकोण दिसत नाही.

@दर्यागाज, तुमचं दुखणं पडद्याच्या अलीकडे, बाहेरच्या नळीत असावं. काळे ठिपके आणि खाज म्हटलं की पावसाळ्यात आधी बुरशी आठवते. कानाच्या पुढची छोटी कुरकुरीत पाळी दाबून बघा. दुखलं तर तो बाहेरच्या नळीचा त्रास, आतल्या कानदुखीत ती दाबल्याने सहसा फरक पडत नाही. बुरशीला आधी साफसफाई लागते, नुसते थेंब घालून भागत नाही. कोणालातरी दाखवा, आणि कॅमेरा मित्राला परत करताना टोक पुसून द्या.

---

दोतोर_न्हय | १० जुलै, दुपारी ३.००

त्रिकोणाचं मान्य. पण थांबण्याचं अजून पटत नाही. पू होतोय हे दिसतंय तर तो होईपर्यंत वाट का बघायची?

---

जुना_बालवैद्य | १० जुलै, संध्याकाळी ६.४५

निवृत्त बालरोगतज्ज्ञ. कर्णफूल यांच्याशी बऱ्यापैकी सहमत, पण एका ठिकाणी वेगळं मत आहे.

वाट बघायची ती यासाठी की दोन वर्षांवरच्या मुलांत सौम्य कानदुखी बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत आपोआप उतरते. ताप १०२ च्या वर नाही, दुखणं आटोक्यात आहे, दोन दिवसांपेक्षा जास्त झालं नाही आणि कान वाहत नाही, अशा मुलाला ४८ ते ७२ तास नुसतं दुखणं कमी करणारं औषध देऊन थांबता येतं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर थांबायचं नाही. दोन वर्षांच्या आत दोन्ही कानांत पू असेल तरी थांबायचं नाही.

पण थांबायचं म्हणजे पुन्हा बघायचं. मी सत्तरी तालुक्यात बरीच वर्षं होतो. जुलैत म्हादईला पूर आला, रस्त्यावर झाड पडलं, की दोन दिवसांनी या म्हटलेला माणूस आठ दिवसांनी येई. म्हणून मी चिठ्ठी लिहून हातात देत असे आणि सांगत असे की परवापर्यंत उतार पडला नाही किंवा ताप चढला तरच दुकानातून औषध आणा. निम्मे लोक ते त्याच संध्याकाळी आणत, हेही कबूल. तरी मला तेच बरं वाटतं. फोंड्यात राहणाऱ्या आईला 'परत या' सांगणं वेगळं आणि पलीकडच्या वाड्यावरच्या आईला सांगणं वेगळं.

सुरंगी, मुलाचं वजन किती? पॅरासिटामॉल किती देताय?

---

सुरंगी | १० जुलै, रात्री ८.३०

कर्णफूलताई, काका, मनापासून आभार. वजन १६ किलो. पॅरासिटामॉल ५ मिली देतेय, बाटलीवर १२५ लिहिलंय. तासाभराने परत रडतो. जाऊबाईंकडे दुसरं एक नारिंगी औषध आहे, त्यात पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेन आहे, ते जास्त लागू पडतं म्हणतात. देऊ का?

---

जुना_बालवैद्य | १० जुलै, रात्री ९.१०

इथेच घोटाळा आहे. वेदनेसाठी एका वेळची मात्रा किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम. १६ किलोला २४० मिलिग्रॅम. तुमच्या बाटलीत ५ मिलीत १२५, म्हणजे मुलाला जवळपास निम्मीच मात्रा मिळतेय, मग तासाभराने रडणारच. त्याच नावाची २५० ची बाटलीही मिळते, आणि तिथे उलटी चूक होते: घरातलं कोणीतरी १२५ च्या सवयीने १० मिली देतं आणि मात्रा दुप्पट होते. बाटलीवरचा आकडा वाचून उद्या डॉक्टरांना फोन करा आणि मिलीत किती द्यायचं ते त्यांच्याकडून घ्या. दोन मात्रांत किमान चार तास, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही.

नारिंगी औषध नको. एक तर पॅरासिटामॉल दोनदा पोटात जाईल. आणि पावसाळ्यात गोव्यात ताप असलेल्या मुलाला आयब्युप्रोफेन देताना मी कायम हात आखडता घेत आलो, कारण ताप डेंग्यूचा निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. कान दुखतो म्हणून डेंग्यू होत नाही असं नाही.

---

माटोळी | १० जुलै, रात्री ९.३०

एवढी गणितं करण्यापेक्षा दोन थेंब तेल सोपं. बरं, तेल नको तर कानात कापूस तरी घालून ठेवा, वारा लागतो.

---

रुमडाचे_फूल | १० जुलै, रात्री ९.४१

मला आमच्या घोवाच्या कानाचा फोटो काढायचाय. 'कचरा टाकून ये' म्हटलं की त्यालापण कमी ऐकू येतं. बुडबुडे निघाले तर सुटला, नाही निघाले तर बघते.

---

साखळीकर | १० जुलै, रात्री १०.१५

:-)) आमच्याकडे फोटो न काढताच निदान झालेलं आहे.

अवांतर: हे कॅमेरे घरी वापरावेत का? आमच्या भाच्याने हलताना टोक लावून घेतलं, रक्त आलं होतं.

---

सुरंगी | ११ जुलै, पहाटे ४.५५

कान फुटला. तीनच्या सुमारास जोरात किंचाळला आणि मग एकदम शांत. बघते तर उशीवर पिवळट पू आणि जरासं रक्त. आता गाढ झोपलाय, ताप नाही. मी मात्र बसून आहे. पडदा फाटला ना? दिरांनी फोटो काढला पण नुसता पिवळा चिखल दिसतो. दुकानातले जुने कानाचे थेंब घरात आहेत, ते घालू?

---

दोतोर_न्हय | ११ जुलै, सकाळी ६.४०

मी म्हटलं होतं. आता तरी अँटिबायोटिक.

---

कर्णफूल | ११ जुलै, सकाळी ७.०५

सुरंगी, आधी थेंब बाजूला ठेवा. बाटलीवर जेंटामायसिन किंवा निओमायसिन लिहिलेलं असेल तर भोक पडलेल्या कानात ते नकोत, आतल्या कानाला इजा करू शकतात. मळ मऊ करायचे थेंब, हायड्रोजन पेरॉक्साइड, तेल, काहीच नको. भोक असताना घालण्यासारखे थेंब असतात, ऑफ्लोक्सासिन किंवा सिप्रोफ्लोक्सासिनचे, पण ते घालायचे की नाही हे आज कान बघून ठरेल.

दुखणं एकदम थांबलं ते दाब मोकळा झाला म्हणून. ताणलेल्या पडद्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडून पू बाहेर आला. असं भोक मधल्या भागात असेल तर बहुतेक मुलांत काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत भरून येतं. घाबरून रात्री धावपळ करायची गरज नव्हती, पण आज दाखवायलाच हवं, कारण कान वाहू लागला की थांबून बघण्याचा सल्ला संपतो.

तोवर फोटो काढू नका. पुवातून काही दिसणार नाही, आणि टोक ओल्या नळीत फिरवून उपयोग नाही. स्वच्छ मऊ टिश्यूची वात करा, कानाच्या तोंडाशी ठेवा, ओली झाली की काढून दुसरी. कोरडी निघेपर्यंत, दिवसातून तीन-चार वेळा. काडीचा कापूस आत घालायचा नाही. आणि कापसाचा बोळा घट्ट कोंबूनही ठेवायचा नाही, पू बाहेर येऊ दे. @माटोळी, कापूस फक्त आंघोळीला, व्हॅसलीन लावून, म्हणजे पाणी जात नाही. नंतर काढून टाकायचा.

एक गोष्ट आत्ताच बघा. कानामागचं हाड सुजलंय का, लाल आहे का, कानाची पाळी पुढे ढकलल्यासारखी दिसते का? किंवा तोंड एका बाजूला वाकडं होतंय, मान ताठ आहे, सारखी उलटी आहे, तोल जातोय? यातलं काहीही असेल तर क्लिनिक उघडायची वाट न बघता थेट मोठ्या हॉस्पिटलात.

---

सुरंगी | ११ जुलै, दुपारी १.२०

कानामागे काही नाही. डॉक्टरांनी नळी पुसून घेतली आणि आम्हालाही स्क्रीनवर दाखवलं. खालच्या भागात एक बारीक ठिपका, त्यातून पू नाडीच्या ठोक्याबरोबर बाहेर येत होता! व्हिडिओ काढू दिला, जोडलाय. अमॉक्सिसिलिन दिलंय, ४०० च्या बाटलीतून दिवसातून दोनदा ८ मिली, सात दिवस. दिरांना वाटतं डोस फार आहे, त्यांच्या मुलाला त्याच वजनाला निम्मा दिला होता.

---

जुना_बालवैद्य | ११ जुलै, संध्याकाळी ५.३०

हिशोब बघू. ८ मिलीत ६४० मिलिग्रॅम, दोनदा म्हणजे दिवसाला १२८०. १६ किलोने भागलं की ८०. कानाच्या इन्फेक्शनला दिवसाला किलोमागे ८० ते ९० हीच मात्रा सांगितली जाते, कारण औषध पडद्यामागच्या पुवापर्यंत पुरेसं पोचलं पाहिजे. दिरांच्या मुलाला दुसऱ्या कशासाठी दिलं असेल. अंगावर पुरळ किंवा चेहऱ्यावर सूज आली तर औषध थांबवून फोन करा, जुलाब मात्र थोडे होतील. दोन-तीन दिवसांत ताप-दुखणं उतरलं नाही तर औषध बदलावं लागतं, म्हणून तेव्हा पुन्हा दाखवा.

@दोतोर_न्हय, 'मी म्हटलं होतं' म्हणू नका. पहिल्याच दिवशी औषध सुरू केलं असतं तरी त्या रात्री कान फुटला नसताच असं कोणी सांगू शकत नाही.

---

दोतोर_न्हय | ११ जुलै, संध्याकाळी ६.००

आणि फुटला असताच असंही सांगता येत नाही, काका.

---

जुना_बालवैद्य | ११ जुलै, संध्याकाळी ६.१२

तेही खरं.

---

कर्णफूल | ११ जुलै, रात्री १०.००

व्हिडिओ झकास आहे, आमच्या विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखा. ठोक्याबरोबर पू हलतो तो भोक लहान असून आत अजून दाब आहे म्हणून.

@साखळीकर, घरच्या कॅमेऱ्याबद्दल. मी सरसकट नको म्हणत नाही. मूल मांडीवर, डोकं छातीशी एका हाताने धरलेलं, दुसऱ्या माणसाने कान ओढायचा: लहान बाळाचा खाली-मागे, तीन वर्षांवरच्या मुलाचा वर-मागे, म्हणजे नळी सरळ होते. कॅमेरा धरलेल्या हाताची करंगळी मुलाच्या गालावर टेकवायची, म्हणजे मूल हललं तर हातही बरोबर हलतो. केस दिसतात तिथेच, नळीच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागात थांबायचं. पुढचा भाग हाडाचा आहे, कातडी पातळ, तिथे लगेच रक्त येतं. मूल धरवत नसेल तर फोटोचा नाद सोडायचा. मळ आडवा आला तर तोही फोटोसाठी खणून काढायचा नाही.

आणि एक मर्यादा या फोटोंना राहणारच: पडदा हलतो का ते फोटोत दिसत नाही. आम्ही दुर्बिणीला लावलेल्या रबरी फुग्याने हवेचा हलका झोत सोडतो. मागे हवा असेल तर पडदा हलतो, पाणी असेल तर थिजल्यासारखा राहतो. पाणी आहे की नाही हे रंगापेक्षा त्यावरून जास्त खात्रीने कळतं.

---

दर्यागाज | १३ जुलै, सकाळी ८.१५

बुरशीच निघाली. साफ केली. डॉक्टर म्हणाले पुढच्या सांजावाला बांयत उडी नको. मी म्हटलं, उडी नको तर फेणी तरी?

---

सुरंगी | ४ ऑगस्ट, रात्री ९.५०

धागा वर काढतेय. कान वाहायचा दुसऱ्या दिवसापासूनच कमी झाला, चार-पाच दिवसांत कोरडा. मुलगा ठणठणीत. पण आज दिरांनी परत फोटो काढला आणि उजव्या कानात तेच भोक दिसतंय, उलट मोठं, गडद, गोल! डाव्या कानात बुडबुडे नाहीत, पण पडदा अजून पिवळसर. टीव्ही मोठा लावतो, बालवाडीच्या बाई म्हणाल्या मागे बसला की लक्ष नसतं.

---

साखळीकर | ४ ऑगस्ट, रात्री १०.०५

भोक मोठं झालंय म्हणजे ऑपरेशन, आमच्या चुलत्याचं तेच झालं होतं.

---

कर्णफूल | ५ ऑगस्ट, सकाळी ७.४०

थांबा, ऑपरेशनची घाई नको. फोटो मोठा करून बघितला. गडद गोलाच्या आत, साधारण मधे, एक बारीक चकाकी आहे. मोकळ्या भोकात चकाकी यायला काही असतंच असं नाही, क्वचित आतली ओली अस्तरं चमकतात. पडदा भरून येताना त्या जागी मधला तंतूंचा थर पुन्हा बनत नाही, कातडी इतकी पातळ असते की पलीकडचं अंधारं सगळं दिसतं. म्हणून भरलेली जागाही फोटोत भोकासारखी दिसते. तसंच असेल असं मला वाटतं, पण पैज लावणार नाही. हवेचा दाब मोजणाऱ्या यंत्राने एका मिनिटात कळतं: भोक असेल तर कानाच्या नळीत मावणारी हवा खूपच जास्त दाखवते. भोक खरंच असलं तरी तीन महिने थांबतात, त्यानंतर पुढचा विचार.

एकच गोष्ट फोटोत बघून ठेवा. गडद जागा पडद्याच्या मध्यभागी आहे, ती बरी. हाडाच्या वर, अगदी छताजवळ, एखादी तपकिरी खपली दिसली, आणि कान कमी वाहत असला तरी घाण वास येत असला, तर ती मळ समजून सोडून देऊ नका. तिथे कातडी आत ओढली जाऊन साठत जाते आणि हाड कुरतडते. ती लवकर दाखवायची गोष्ट आहे. तुमच्या फोटोत तसं काही दिसत नाही.

डाव्या कानाचं पाणी महिनाभराने राहणं नवल नाही. तीन महिन्यांत बहुतेकांचं निघून जातं. सर्दीच्या गोळ्या-सिरपांनी ते लवकर आटत नाही. तीन महिन्यांनंतरही राहिलं, आणि ऐकण्याची तपासणी कमी आली, तर ग्रोमेटचा, म्हणजे पडद्यात बारीक नळी बसवण्याचा विषय निघतो. तोवर बालवाडीच्या बाईंना सांगून त्याला पुढे बसवा, आणि घरी बोलताना समोर येऊन बोला.

---

जुना_बालवैद्य | ५ ऑगस्ट, सकाळी ९.२०

घोरतो का? तोंड उघडं ठेवून झोपतो का? नाकामागची अ‍ॅडिनॉइडची गाठ वाढलेली असेल तर पाणी परत परत भरतं. तेही तपासून घ्या. मी ग्रोमेटच्या बाबतीत कर्णफूल यांच्याइतका निश्चिंत नाही, बोलायला मागे असलेल्या मुलांत मी लवकर पाठवत असे.

---

कर्णफूल | ५ ऑगस्ट, दुपारी १.०५

बोलायला मागे असेल तर मीही तीन महिने थांबत नाही, काका. पण हा मुलगा कोणता कान दुखतो आणि कोणता नाही हे नीट सांगत होता, त्यावरून बोलायला मागे वाटत नाही.

---

सुरंगी | ५ ऑगस्ट, रात्री ८.१५

घोरतो. आणि बोलण्याचं म्हणाल तर 'आजी, माझ्या कानातून वरण आलं' असं आजीला सांगून झालंय.

चवथीला गावी जायचंय. विसर्जनाला तळ्यात उतरतातच सगळे. त्याला उतरू द्यायचं का? तपासणी चवथीनंतरची मिळालीय.

---

माटोळी | ५ ऑगस्ट, रात्री ८.४०

आरतीला टाळ जरा लांब वाजवा त्याच्यापासून. बाकी देव बघेल.

---

कर्णफूल | ५ ऑगस्ट, रात्री ९.३०

भोक भरलंय की नाही हे कळेपर्यंत डोकं पाण्याखाली नको. काठावर, गुडघाभर पाण्यात उभा राहिला तर माझी हरकत नाही, डोक्यावर कोणी पाणी उडवेल म्हणून व्हॅसलीनचा कापूस आधीच घालून ठेवा. तपासणीचा कागद आला की इथे टाका, पण फक्त आकडे, मुलाचं नाव पुसून.

---

दर्यागाज | ५ ऑगस्ट, रात्री ११.१०

माझा कान परत खाजतोय. वेगळा धागा काढू की इथेच?